स्वतःलाच हाक मारणारे फंक्शन थांबेल कशावरून?

अंकांची बेरीज करणाऱ्या चार ओळींच्या प्रोग्रॅमची तपासणी : बेस केस, घटते माप आणि उत्तराची जुळणी

१२३ या संख्येतील अंकांची बेरीज ६. १०५ची ६, १५चीही ६ आणि १९६१ची १७. अंकांची बेरीज करणारा एखादा प्रोग्रॅम या चारही संख्यांना अचूक उत्तर देत असेल, तर तो बरोबर आहे असे मानण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. त्याच प्रोग्रॅमला ४७२ ही संख्या दिली की मात्र उत्तर येत नाही. पडद्यावर एकच ओळ जवळजवळ हजार वेळा पुन्हा आल्याची नोंद उमटते आणि तिच्याखाली `RecursionError` हा शब्द दिसतो. पायथॉन भाषेत लिहिलेला तो प्रोग्रॅम असा :

```python
def anka_berij(n):
    if n == 1:
        return 1
    return n % 10 + anka_berij(n // 10)
```

यातील विचार सरळ आहे. `n % 10` म्हणजे संख्येला दहाने भागल्यावर उरणारी बाकी, अर्थात एकक स्थानचा अंक. `n // 10` म्हणजे त्याच भागाकारातील पूर्णांक भाग, म्हणजेच शेवटचा अंक गाळून उरलेली संख्या. ४७२मधून २ बाजूला काढायचा, उरलेल्या ४७च्या अंकांची बेरीज करण्याचे काम याच फंक्शनकडे पुन्हा सोपवायचे आणि येणाऱ्या उत्तरात २ मिळवायचे. अशा रीतीने स्वतःलाच हाक मारणाऱ्या फंक्शनला रिकर्सिव्ह फंक्शन म्हणतात. जिथे पुढे हाक न मारता थेट उत्तर दिले जाते, ती त्याची बेस केस. वरील प्रोग्रॅममध्ये `n == 1` ही बेस केस आहे, आणि दोष तिथेच आहे.

४७२पासून हाकांची साखळी ४७२, ४७, ४, ० अशी जाते. यात १ कुठेच येत नाही. शून्याला दहाने भागले तर पुन्हा शून्यच मिळते; म्हणून फंक्शन शून्यासाठी स्वतःला हाक मारत राहते. याउलट १२३पासून साखळी १२३, १२, १ अशी जाते आणि १वर थांबते. शेवटचे अंक एकेक करून गाळले की सर्वांत शेवटी उरतो तो संख्येचा पहिला अंक. तो १ असेल तर हा प्रोग्रॅम थांबतो. २ ते ९ यांपैकी कोणताही असेल तर थांबत नाही. चाचणीसाठी निवडलेल्या चारही संख्या १नेच सुरू होत होत्या, हे कोणाच्या लक्षात आले नाही. आणि चाचणीसाठी संख्या टंकायची म्हटले की बोटे आपसूक १२३कडेच वळतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. काही संख्या देऊन उत्तरे पाहिली, एवढ्याने रिकर्सिव्ह फंक्शन तपासले गेले असे होत नाही. ते प्रत्येक संख्येसाठी थांबेल आणि थांबताना खरे उत्तर देईल, हे ओळी वाचूनच पटवून घ्यावे लागते. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात : थांबण्याच्या जागी दिलेले उत्तर स्वतंत्रपणे खरे आहे काय? प्रत्येक हाकेगणिक असे काही घटते काय, की ज्यामुळे ती जागा गाठणे अटळ ठरावे? आणि लहान संख्येचे उत्तर बरोबर आहे असे धरले, तर त्यावरून मोठ्या संख्येचे उत्तर बरोबर निघते काय?

थांबण्याच्या जागेचे उत्तर

अंकांच्या बेरजेसाठी शून्य ही स्वाभाविक बेस केस आहे. शून्याच्या अंकांची बेरीज शून्य. ते सांगण्यासाठी कोणाला हाक मारण्याची गरज नाही.

```python
def anka_berij(n):
    if n == 0:
        return 0
    return n % 10 + anka_berij(n // 10)
```

आता ४७२ची साखळी ४७२, ४७, ४, ० अशी चार हाकांत संपते. परतीच्या वाटेवर ०मध्ये ४ मिळवले जातात, त्या ४मध्ये ७ मिळवून ११ होतात आणि अखेर २ मिळवून १३ हे उत्तर येते.

थांबण्याची जागा योग्य असूनही तिथले उत्तर चुकीचे असू शकते. ही चूक अधिक फसवी, कारण प्रोग्रॅम कुठेही अडखळत नाही. क्रमगुणिताचे, म्हणजे फॅक्टोरियलचे, फंक्शन रिकर्शन शिकवताना बहुधा सर्वांत आधी येते आणि त्यात शून्यासाठी १ हे उत्तर असते. तीच ओळ सवयीने येथे उतरवली, तर शून्यापाशी ०ऐवजी १ मिळतो आणि ४७२चे उत्तर १४ येते. केवळ ४७२चेच नव्हे, तर प्रत्येक संख्येचे उत्तर नेमके एकाने जास्त येते. तफावत सर्वत्र सारखी असेल, तर दोष जवळजवळ नेहमी बेस केसच्या उत्तरात असतो. कारण ते उत्तर साखळीत एकदाच आणि सर्वांत तळाशी मिसळते.

दुसरा प्रकार याहून थोडा वेगळा आहे. एकअंकी संख्येपाशीच थांबावे, शून्यापर्यंत जाऊ नये, असे ठरवून कोणी `n < 10` ही अट लिहितो. हा निर्णय योग्यच आहे, पण मग उत्तर म्हणून `n` परत द्यायला हवे. अट बदलली आणि उत्तर मात्र आधीचे `0`च राहिले, तर संख्येचा पहिला अंक बेरजेतून निसटतो. ४७२चे उत्तर ९ येते, ९००चे शून्य येते. अट आणि तिचे उत्तर ही जोडी आहे. एकास हात लावला की दुसरे पुन्हा वाचलेच पाहिजे.

म्हणून या पहिल्या प्रश्नासाठी बाकीचे फंक्शन बोटाने झाकून केवळ बेस केसच्या दोन ओळी वाचाव्यात. ज्या ज्या संख्येसाठी ती अट खरी ठरते, त्या प्रत्येकीसाठी पुढच्या ओळीतील उत्तर खरे आहे काय, एवढेच विचारायचे. `n == 0`साठी अशी संख्या एकच आहे. `n < 10`साठी मात्र ० ते ९ या दहाच संख्या आहेत असे समजणे घाईचे ठरेल. ऋण संख्याही दहापेक्षा लहानच असतात. त्यांचा हिशेब पुढे येतो.

काय घटते, आणि कुठवर?

दुसरा प्रश्न थांबण्याच्या हमीचा आहे. बेस केस लिहिली म्हणजे फंक्शन तिथे पोहोचेलच असे नाही, हे पहिल्याच प्रोग्रॅमने दाखवले. पोहोचण्याची हमी द्यायची तर एखादे माप दाखवावे लागते. ते पूर्णांक असावे, शून्याखाली जाणारे नसावे आणि प्रत्येक हाकेत निदान एकाने तरी घटणारे असावे. असा पूर्णांक अनंतकाळ घटू शकत नाही. माप ५००पासून सुरू झाले तर ५००हून अधिक वेळा ते घटूच शकणार नाही, आणि तेवढ्या हाकांच्या आत फंक्शनला थांबावेच लागेल. हमीचे सारे बळ या साध्या निरीक्षणात आहे.

अंकांच्या बेरजेत असे माप म्हणून संख्याच घेता येते. `n` एक किंवा त्याहून मोठा पूर्णांक असेल, तर `n // 10` त्याहून लहान असतो आणि शून्याखाली जात नाही. ४७२चे ४७, ४७चे ४, ४चे ०. माप शून्यावर आले की बेस केस लागू होते. मध्ये कोठेही ती ओलांडून पलीकडे जाण्याची वाट नाही, कारण शून्याच्या खाली काही उरतच नाही. पहिल्या प्रोग्रॅममध्ये थांबण्याची जागा १वर होती आणि माप तिला ओलांडून ४वरून थेट ०वर जात होते. माप घटत होते. पण थांबण्याची जागा त्याच्या तळाशी नव्हती.

मापाच्या तीन अटींपैकी कोणतीही एक मोडली तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

‘पूर्णांक’ ही अट मोडण्यासाठी एक तिरकी रेघ गाळणे पुरते. पायथॉनमध्ये `//` हा पूर्णांक भागाकार आहे, तर `/` दशांश अपूर्णांकात उत्तर देतो. `n / 10` लिहिले की साखळी ४७२, ४७.२, ४.७२, ०.४७२, ०.०४७२ अशी जाते. प्रत्येक संख्या आधीच्या संख्येपेक्षा लहान आहे आणि एकही शून्याखाली जात नाही; तरीही गणिताच्या दृष्टीने ती शून्यावर कधीच पोहोचणार नाही. प्रत्यक्ष संगणकात मात्र विचित्र प्रकार घडतो. संगणक अतिशय लहान अपूर्णांक साठवू शकत नाही, त्यामुळे सुमारे सव्वातीनशे हाकांनंतर ती संख्या खरोखरच शून्य होते. पायथॉनची हाकांची मर्यादा तोवर आलेली नसते, म्हणून त्रुटीचा कोणताही संदेश येत नाही. फंक्शन शांतपणे थांबते आणि १३ऐवजी सुमारे १४.४४ हे उत्तर देते. फंक्शन थांबले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, याचे हे बोलके उदाहरण. अंकांच्या बेरजेच्या उत्तरात दशांश चिन्ह दिसले, तर सर्वांत आधी भागाकाराची खूण तपासावी.

‘शून्याखाली न जाणारे’ ही अट ऋण संख्या मोडतात. −४७२ ही संख्या वरच्या दुरुस्त फंक्शनला दिली तर पायथॉन पूर्णांक भागाकारात नेहमी खालच्या पूर्णांकाकडे झुकतो. −४७.२चा खालचा पूर्णांक −४८. त्यामुळे साखळी −४७२, −४८, −५, −१ अशी येते. आता −१ला दहाने भागल्यास −०.१ मिळते आणि त्याचा खालचा पूर्णांक पुन्हा −१च असतो. साखळी −१वर अडकते, शून्य येतच नाही आणि पुन्हा तोच `RecursionError`.

हेच फंक्शन सी भाषेत लिहिले तर निराळे घडते. तेथे पूर्णांक भागाकार शून्याच्या दिशेने झुकतो. साखळी −४७२, −४७, −४, ० अशी जाऊन थांबते. पण बाकीही ऋण असते, −२, −७, −४, आणि उत्तर −१३ येते. पायथॉनमध्येच `n < 10` ही बेस केस वापरली असेल तर तिसराच प्रकार होतो. −४७२ ही संख्या दहापेक्षा लहान असल्याने फंक्शन पहिल्याच हाकेत थांबते आणि −४७२ हेच उत्तर म्हणून परत देते. एकच संख्या, एकच विचार. आणि लेखनातील किरकोळ फरकाने एकदा न थांबणे, एकदा चिन्ह उलटणे आणि एकदा काहीच न करणे. यांतले पहिले सर्वांत सोयीचे म्हणावे लागेल, कारण ते निदान ओरडून सांगते.

उपाय सोपा आहे, पण तो जाणीवपूर्वक निवडावा लागतो. ऋण संख्येच्या अंकांची बेरीज म्हणजे चिन्ह सोडून उरलेल्या अंकांची बेरीज, असे मानायचे असेल तर फंक्शनला पहिली हाक मारण्यापूर्वीच `abs(n)` लिहून चिन्ह काढून टाकावे. तसे मानायचे नसेल तर ऋण संख्या स्पष्टपणे नाकारावी. दोन्ही मार्ग योग्य. न ठरवणे तेवढे अयोग्य.

संदेश एक, कारणे दोन

`RecursionError` दिसला म्हणजे फंक्शन कधीच थांबणार नव्हते, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. तो दर वेळी खरा नसतो. प्रत्येक हाकेसाठी संगणकाला स्मृतीत थोडी जागा राखून ठेवावी लागते. आतली हाक परत आल्यावर कोणता अंक मिळवायचा, याची नोंद तिथे असते. ही जागा अमर्याद नसल्याने पायथॉनने एकात एक अशा हाकांवर सामान्यतः १,००० ही मर्यादा घातलेली आहे. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठा असू शकतो. १,५०० अंकी संख्या दिली तर बरोबर लिहिलेले फंक्शनही या मर्यादेवर आपटते आणि तोच संदेश देते. ते थांबणार होते. फक्त त्यापूर्वी जागा संपली.

दोहोंतील फरक ओळखण्यासाठी फंक्शनच्या पहिल्या ओळीत `print(n)` लिहून पाहावे. शेवटच्या काही ओळींत तीच तीच संख्या येत असेल, किंवा दोन-तीन संख्यांचे चक्र फिरत असेल, तर माप घटत नाही आणि दोष विचारात आहे. संख्या प्रत्येक ओळीगणिक आखूड होत असेल, तर विचार बरोबर असून केवळ खोली पुरत नाही. दुसऱ्या परिस्थितीत मर्यादा वाढवता येते. तथापि अशा कामाला रिकर्शन सोडून साधी `while` फेरी वापरणे शहाणपणाचे. पहिल्या परिस्थितीत मर्यादा वाढवणे म्हणजे तोच दोष अधिक उशिरा पाहणे.

मूलांकाची गोष्ट : माप बदलते तेव्हा

वृत्तपत्रांतील अंकज्योतिषाच्या सदरांमुळे मूलांक ही कल्पना मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. अंकांची बेरीज करायची, ती एकअंकी नसेल तर तिच्याही अंकांची बेरीज करायची, आणि एकच अंक उरेपर्यंत हे चालू ठेवायचे. भविष्याचा भाग बाजूला ठेवला तरी गणितात ही क्रिया उपयोगाची आहे. उरणारा अंक ९ असेल तर मूळ संख्येला ९ने निःशेष भाग जातो, आणि अन्यथा उरणारा अंक हीच ९ने भागल्यावरची बाकी असते. याचे फंक्शन असे लिहिता येईल :

```python
def mulank(n):
    if n < 10:
        return n
    return mulank(anka_berij(n))
```

येथे घटते माप कोणते? आधीच्या फंक्शनचा अनुभव ताजा असल्याने ‘अंकांची संख्या’ हे उत्तर चटकन सुचते. तिथे प्रत्येक हाकेत एक अंक गळत होता. पण येथे ९९पासून १८ मिळतात, दोन्ही दोनअंकीच. १९पासून १० मिळतात, पुन्हा दोनअंकीच. अंकांची संख्या प्रत्येक हाकेत घटते असे म्हणता येत नाही आणि हे माप बाद होते. मोठ्या संख्यांसाठी ते बहुतेक वेळा घटते, पण ‘बहुतेक वेळा’ ही हमी नव्हे.

माप म्हणून संख्याच घेतली तर काम होते. मात्र ती घटते हे दाखवावे लागते. दहा किंवा त्याहून मोठी कोणतीही संख्या तिच्या अंकांच्या बेरजेपेक्षा मोठी असते काय? ४७२ घ्यावी. ती म्हणजे ४७चे दहा पट आणि वर २. तिच्या अंकांची बेरीज म्हणजे ४७च्या अंकांची बेरीज आणि वर २. आता ४७च्या अंकांची बेरीज फार तर ४७ इतकी असू शकते, त्याहून जास्त नाही. म्हणून एका बाजूला ४७ची दहा पट आहे, तर दुसऱ्या बाजूला फार तर ४७ची एक पट. वरचे २ दोन्हीकडे सारखेच. पहिली बाजू नक्कीच मोठी. ४७च्या जागी एक किंवा त्याहून मोठी कोणतीही संख्या आणि २च्या जागी कोणताही अंक ठेवला तरी युक्तिवाद बदलत नाही. म्हणजे जोवर संख्या दहा किंवा अधिक आहे, तोवर पुढची संख्या निश्चितच लहान असते, आणि दहाखाली आली की फंक्शन थांबते. हमी मिळाली.

याच युक्तिवादात एक अट दडलेली आहे : शेवटचा अंक गाळल्यावर निदान १ तरी उरला पाहिजे. एकअंकी संख्येत काहीच उरत नाही आणि तिच्या अंकांची बेरीज ती स्वतःच असते. म्हणून मूलांकाच्या फंक्शनमध्ये आधीची `n == 0` ही बेस केस जशीच्या तशी आणली, तर ४७२पासून १३, १३पासून ४ आणि मग ४, ४, ४ असे अखंड सुरू राहते. शून्य सोडून एकही संख्या त्यातून सुटत नाही. अंकांच्या बेरजेत जी बेस केस निर्दोष होती, तीच येथे सर्वस्वी निरुपयोगी ठरते. बेस केस ही त्या त्या फंक्शनच्या मापाशी बांधलेली असते; जिथे माप घटायचे थांबते, त्या प्रत्येक जागी ती हजर असली पाहिजे.

लहान उत्तरावर विश्वास

तिसरा प्रश्न उत्तराच्या जुळणीचा आहे. तो तपासताना साखळीच्या तळापर्यंत उतरण्याचा मोह आवरावा. ४७२साठी फंक्शन बरोबर आहे काय, एवढे पाहताना `anka_berij(47)` हे ११ देते असे धरून चालावे आणि फक्त विचारावे, ११ आणि २ मिळून ४७२ची खरी बेरीज होते काय? होते. कोणत्याही संख्येच्या अंकांची बेरीज म्हणजे तिचा शेवटचा अंक आणि उरलेल्या अंकांची बेरीज, आणि फंक्शनच्या शेवटच्या ओळीत नेमके तेच लिहिलेले आहे.

गृहीत धरलेले ११ कोठून आले, अशी शंका साहजिक आहे. त्याचे उत्तर पहिल्या दोन प्रश्नांत मिळालेले असते. शून्याचे उत्तर खरे आहे. शून्याचे खरे म्हणून ४चे खरे, ४चे खरे म्हणून ४७चे खरे, ४७चे खरे म्हणून ४७२चे खरे. ही पायरी-पायरीने चढणारी सिद्धता गणितात विगमन म्हणून ओळखली जाते. पायरी भक्कम असली तरी तळाचा दगड नसेल तर चढता येत नाही. आणि माप घटत नसेल तर खाली उतरताना तळ लागतच नाही. तिन्ही प्रश्न परस्परांवर असे विसंबून आहेत.

माप सांगण्याचे काम कोणाचे?

एखाद्या यंत्राने कोणताही प्रोग्रॅम वाचून तो थांबेल की नाही हे सांगावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी अचूक निर्णय देणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६मध्ये सिद्ध केले. त्याच ट्युरिंग यांनी १९४९मध्ये केंब्रिज येथील परिषदेत एक छोटा निबंध सादर केला. क्रमगुणित काढणारा प्रोग्रॅम उदाहरणादाखल घेऊन त्यांनी तो तपासायचा कसा, हे त्यात दाखवले. प्रोग्रॅम थांबतो याची खात्री तपासणाऱ्याला करून घेता यावी म्हणून सतत घटणारी आणि यंत्र थांबताना शून्य होणारी राशी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच सांगावी, असा त्यांचा आग्रह होता. माप शोधण्याचा भार वाचणाऱ्यावर टाकू नये, हे त्याचे मर्म. आजही डॅफ्नीसारख्या भाषांत `decreases` या शब्दापुढे माप लिहिण्याची सोय आहे आणि ते खरोखर घटते की नाही, हे यंत्र पडताळून पाहते.

माप सापडलेच नाही तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण जर्मन गणिती लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखले जाते. संख्या सम असेल तर तिची निमपट करायची, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवायचा आणि १ आला की थांबायचे. बेस केस स्पष्ट आहे, फंक्शन चार ओळींत लिहून होते. पण संख्या कधी घटते, कधी वाढते. २७पासून सुरुवात केली तर ती ९,२३२पर्यंत चढते आणि १११ पायऱ्यांनंतर १वर येते. २च्या ६८व्या घातापर्यंतच्या सर्व संख्या संगणकाने तपासून झाल्या आहेत आणि त्या सगळ्या १वर येतात. तरीही प्रत्येक संख्येसाठी हे फंक्शन थांबते, असे आजवर कोणी सिद्ध करू शकलेले नाही. इतक्या प्रचंड चाचण्यांनी जी हमी मिळत नाही, ती अंकांच्या बेरजेला एका ओळीच्या मापाने मिळते.

म्हणून ते माप फंक्शनमध्येच लिहून ठेवणे उचित.

```python
def anka_berij(n):
    # माप: n. दर हाकेत घटते, 0 वर थांबते.
    if n < 0:
        raise ValueError("ऋण संख्या चालत नाही")
    if n == 0:
        return 0
    return n % 10 + anka_berij(n // 10)
```

यानंतर चाचणी घ्यायचीच. पण संख्या निवडताना त्या कोणता दोष पकडतील हे ठरवून घ्याव्यात. ० ही संख्या बेस केसचे उत्तर तपासते. ७सारखी एकअंकी संख्या पहिला अंक निसटतो की नाही, हे सांगते. ९००मुळे मधली आणि शेवटची शून्ये नीट हाताळली जातात काय, ते कळते. −५ ही संख्या नाकारली गेली पाहिजे. आणि १२३च्या सोबतीला ४७२ असावी, कारण ती १ने सुरू होत नाही.